नन्नाकाकांच्या तीन लाल वायरी

आमच्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाला सगळे नन्नाकाका म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. मी शाळेत गणित शिकवते, पाढे म्हणवून घेण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण नन्नाचा पाढा त्यांच्याइतका सलग आणि न चुकता म्हणणारा माणूस मी पाहिला नाही. लिफ्टमध्ये कपाट मावेल का? नाही. पोरं आत नाचली तर चालेल का? नाही. वर छतावरच्या मशिनच्या खोलीत आम्ही जुने पंखे ठेवले तर? नाही, आणि ठेवलेत तर मी काढून खाली आणीन, वर बिल पाठवीन. आवाज मात्र कधी चढत नाही. त्यामुळेच जास्त राग येतो.

मी या इमारतीची सेक्रेटरी. कुणालाच व्हायचं नव्हतं, आणि मीटिंगला मी पाच मिनिटं उशिरा पोचले, एवढंच माझं कर्तृत्व. त्यामुळे लिफ्टच्या कंपनीशी करार माझ्या सहीने होतो, आणि नन्नाकाका महिन्याला वही घेऊन येतात तेव्हा तीवर सहीही मीच करते. इतकी वर्षं आमचं बोलणं त्या वहीपुरतं होतं. ज्या सोमवारी ते बदललं, त्या सोमवारबद्दल सांगते. त्यात माझी बाजू फारशी चांगली दिसत नाही, पण आता लिहायलाच बसले आहे तर खरं लिहिते.

आधी बाबांबद्दल. माझे वडील, वय एकोणऐंशी, तीस वर्षं बस चालवली. आता मूत्रपिंडं काम करत नाहीत, म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. डोळ्यांनाही अगदी कमी दिसतं, उजेड आणि सावली एवढंच. पण हट्ट बसच्या दिवसांतलाच. हात धरलेला चालत नाही. आमचं घर पाचव्या मजल्यावर. दारापासून लिफ्टपर्यंत चौदा पावलं, ती ते भिंतीला हात लावून मोजत जातात. मी मागे कुलूप लावत असते तोवर ते लिफ्टचं दार ओढून आत जाऊन उभेसुद्धा राहतात आणि मला म्हणतात, "चला, चला, गाडी सुटतेय."

आमची लिफ्ट जुन्या पद्धतीची. प्रत्येक मजल्यावर लोखंडी दार, ते हाताने ओढून उघडायचं. त्या सोमवारी सकाळी आठ वाजता चौथ्या मजल्यावरचे नवे भाडेकरू सामान घेऊन आले. हमालांनी मजला चुकून सोफा पाचव्यावर आणला, तो बाहेर काढताना आमच्या मजल्याच्या दारावर असा काही आदळला की आतमध्ये कडाक आवाज आला. ते सॉरी म्हणून सोफा घेऊन जिन्याने खाली गेले. लिफ्ट मात्र तळमजल्यावर जाऊन बसली ती बसलीच.

बाबांची वेळ दुपारी साडेबाराची. शनिवार-रविवार मध्ये गेलेला, पाय सुजलेले, रात्रभर उशी उंच करून झोपलेले. सोमवारचं डायलिसिस चुकवायचं नाही हे डॉक्टरांनी मला इतक्या वेळा बजावलंय की मी ते झोपेतही म्हणेन. आणि जिन्याने? ते शक्यच नव्हतं. मागे एकदा शेजाऱ्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना खाली नेलं होतं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्चीचा पाय मोडला. लागलं काही नाही, पण बाबांनी तिथेच जाहीर केलं, "यापुढे मला पोत्यासारखं उचललंत तर मी घरीच मरेन." आणि माझा बाप बोललेलं करतो, हीच तर पंचाईत.

नऊ वाजता नन्नाकाका आले, सोबत त्यांचा जोडीदार मेकॅनिक. ते आधी छतावर गेले, लिफ्टचा मुख्य स्विच बंद केला, त्याला स्वतःचं कुलूप घातलं. त्या कुलपाला त्यांचा फोटो असलेला बिल्ला लटकतो. किल्ली त्यांच्या खिशात. मग पाचव्यावर येऊन दाराचं झाकण उघडलं आणि आत बॅटरी मारून म्हणाले, "बाई, आकडा तुटलाय. लॉक नवीन बसवावं लागेल. हे जुनं मॉडेल, गोदामातून यायला दोन-तीन दिवस."

"दोन-तीन दिवस?" मी म्हटलं. "माझ्या वडिलांना साडेबारा वाजता हॉस्पिटलात पोचायचंय."

"मग आधी त्यांचं बघू."

"त्यांचं काय बघायचंय? लिफ्ट चालू करा. मला माहितीये होतं ते. तुमच्या आधी इथे जी कंपनी होती, तिचा माणूस करायचा. वायरचा एक तुकडा जोडायचा, लिफ्टला वाटतं दार बंद आहे, की लागते चालायला. दोन खेपांचा प्रश्न आहे. एक आत्ता, एक संध्याकाळी. मग काढून टाका."

"नाही," ते म्हणाले.

"दोन खेपा हो, काका!"

"अर्धी खेपही नाही. तशी लिफ्ट लोकांसाठी चालू ठेवायला कायद्याने बंदी आहे, आणि कंपनीत त्या दिवशी माझी नोकरी जाते. पण बाई, या दोन्ही गोष्टी नसत्या तरी मी केलं नसतं."

माझा संयम तिथे संपला. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. करार पुढच्या महिन्यात संपतोय, सही माझ्या हातात आहे, हे बोलले. तुमची तक्रार करते, हेही बोलले. सगळ्यात वाईट बोलले ते हे, की तुमचे वडील असते तर तुम्ही वायर लावली असती. त्यांच्या जोडीदाराने मान खाली घातली. नन्नाकाकांनी खिशातून पेन काढलं.

"तक्रारीचा नंबर लिहून घ्या. माझा कर्मचारी क्रमांकही देतो, तो सांगितला की लवकर दखल घेतात."

असा माणूस! मी खरंच लिहून घेतला, रागाने, बाजाराच्या यादीच्या मागे.

मग त्यांनी विचारलं, "वडील लिफ्टपर्यंत कसे येतात?"

"चालत. कसे येणार?"

"तुम्ही धरून आणता?"

"धरू देतात कुठे! पुढे जातात, मी कुलूप लावते तोवर दार ओढून आत शिरतात."

"दिसतं त्यांना?"

"फारसं नाही."

लिफ्टच्या दारासमोर नन्नाकाकांनी पिवळा अडसर लावून ठेवला होता आणि दाराच्या मुठीला साखळी बांधली होती. ती साखळी सोडली, स्वतः अडसराच्या आत उभे राहिले, डावा हात माझ्यासमोर आडवा धरला, आणि उजव्या हाताच्या एका बोटाने दार ओढलं. ते उघडलं. अगदी सहज, रोज उघडतं तसं. आत लिफ्ट नव्हती. अंधार होता, तेल लागलेले दोर होते, आणि खालून गार वारा येत होता.

"हा आकडा दार धरून ठेवतो," ते म्हणाले. "लिफ्ट समोर आली तरच सोडतो. आकडा तुटलाय म्हणून दार आता कधीही उघडतं. ते लिफ्टला कळलं, म्हणून ती शहाणी होऊन खाली बसली. मी वायर लावली की तिला कळणं बंद. ती खाली-वर फिरत राहील, सातव्यावर असेल, दुसऱ्यावर असेल, आणि इथलं दार ज्याने ओढलं त्याला उघडेल."

मी मनात पावलं मोजली. बारा, तेरा, चौदा. भिंतीवरचा हात मुठीवर येतो. बाबा कधीही थांबून आत डोकावत नाहीत, डोकावून त्यांना काय दिसणार? दार उघडलं म्हणजे लिफ्ट आली, एवढंच त्यांना माहीत. मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. मला स्वतःची इतकी लाज वाटली की रडूही येईना. दोन खेपांसाठी मी हे मागत होते, आणि मागताना ओरडत होते.

नन्नाकाकांनी दार लावलं, साखळी बांधली, ओढून पाहिली. मग माझ्यापासून दोन पायऱ्या खाली बसले.

"वायर नाही म्हटलं, मदत नाही असं नाही म्हटलं," ते म्हणाले. "आता दहा मिनिटं माझं ऐका आणि मग पाहिजे तर त्या नंबरवर फोन करा."

त्यांनी डायरी काढली. लिफ्ट बंद पडली की माणसं अडकतात, त्यामुळे त्यांच्याकडे एका रुग्णवाहिका सेवेचा नंबर होता. त्या लोकांकडे जिन्यावरून माणूस उतरवायची खास खुर्ची असते, पट्टे लावलेली, मागे रबरी पट्ट्यांवर पायरीपायरीने सरकणारी. शिकलेली दोन माणसं येतात. "प्लॅस्टिकची खुर्ची नव्हे," ते म्हणाले. ती गोष्ट त्यांनाही कुणीतरी सांगितली होती, म्हणजे आमच्या इमारतीत काहीच लपत नाही. जाताना बाबांना खुर्ची, एवढाच प्रश्न. येताना लिफ्ट मिळेल, असं ते म्हणाले.

"पण लॉक तर दोन-तीन दिवसांनी येणार ना?"

"तुमच्या मागच्या विंगची लिफ्ट दोर बदलायला बंद आहे. शुक्रवारपर्यंत बंदच राहणार. तिची दारं याच कंपनीची, आणि तिथल्या पाचव्या मजल्याचं दार याच हाताला उघडतं, मी मागच्या महिन्यात बघितलंय. तिथलं लॉक काढून इथे बसवतो, नवीन आलं की तिथे लावू. पण लिफ्ट सोसायटीची आहे, तेव्हा तुमचं पत्र लागेल. आमच्या इंजिनियरची परवानगी लागेल. आणि मागच्या विंगमधल्या लोकांना सांगावं लागेल. चोरून नाही करणार."

"चोरून कोण म्हणालं?" मी म्हटलं, आणि मग मलाच हसू आलं. तासापूर्वी मीच तर म्हणत होते.

पत्र मी त्यांच्या वहीच्या पानावर लिहिलं. इंजिनियरने फोनवर वीस प्रश्न विचारले, दोन्ही लॉकचे फोटो मागवून नंबर जुळवले, तेव्हा हो म्हणाला. मागच्या विंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी खरं काय ते लिहिलं, आणि जी बाई पार्किंगवरून माझ्याशी वर्षभर बोलत नाही, तिचंच पहिलं उत्तर आलं: "न्या. बाबांना सांभाळून." मी डायलिसिस सेंटरला फोन केला, तिथल्या सिस्टरने अर्धा तास उशीर चालेल म्हणून सांगितलं.

राहिले बाबा.

ते आत पलंगावर बसून सगळं ऐकत होते. कान तिखट आहेत त्यांचे. मी खुर्चीचं नाव काढलं तसे म्हणाले, "नाही."

"बाबा, ही वेगळी खुर्ची आहे."

"खुर्ची ती खुर्ची. मी पोतं नाही."

बाहेर एक नन्नाकाका, आत दुसरे. मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात नन्नाकाका दारात आले, बूट बाहेर काढले आणि विचारलं, "बाबा, येऊ का आत?"

"या की. माझ्या पोरीने फार तोंड टाकलं तुमच्यावर. मी ऐकलं."

"मला सवय आहे."

"मलाही होती," बाबा म्हणाले. "तीस वर्षं प्रवासी हेच करायचे. एकदा सकाळच्या फेरीला गाडीचा ब्रेक मऊ लागला. डेपोत म्हणालो, ही गाडी नेत नाही. सत्तर माणसं रांगेत उभी. एक जण रडला, एकाने आई काढली. हळूहळू चालवा ना, म्हणाले. हळूहळू चालवायला ब्रेक लागत नाही की काय!"

"मग काय केलंत?"

"दुसरी गाडी काढायला लावली. चाळीस मिनिटं गेली. पण लोकांना सोडून नाही आलो हां. तिथेच उभा राहून शिव्या खाल्ल्या."

"मी पण आहे इथेच," नन्नाकाका म्हणाले. "दुसरी गाडी खाली येतेय, बाबा. जरा लहान आहे. तुमच्यासाठी एकच सीट."

बाबांनी विचारलं, "पट्टा आहे का?"

"चार आहेत."

"ड्रायव्हर शिकलेला आहे?"

"सर्टिफिकेट बघितल्याशिवाय बसू नका."

आणि बसले माझे वडील! बाराला रुग्णवाहिकेतून एक मुलगी आणि एक दाढीवाला आले. बाबांनी खरंच सर्टिफिकेट विचारलं, त्या मुलीने न हसता गळ्यातलं ओळखपत्र त्यांच्या हातात दिलं, त्यांनी त्यावरून बोट फिरवून परत केलं. प्रत्येक वळणावर बाबा वरून सूचना देत होते, डावीकडे घ्या, सावकाश, मागे बघा. खाली पोचल्यावर त्या मुलीला म्हणाले, "हात चांगला आहे तुझा." हे वाक्य मला गाडी शिकवताना त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं.

डायलिसिसला त्यांना बसवून मी मध्ये एकदा घरी आले, त्यांचा स्वेटर राहिला होता. पाचव्या मजल्यावर काम चालू होतं. नन्नाकाकांच्या गळ्यात तीन लाल वायरी लटकत होत्या, एकेक मीटरभर लांब. मी बघितल्या आणि म्हटलं, "हीच ना ती वायर?"

"हीच. आम्हाला तपासताना लागते. लिफ्ट लोकांसाठी बंद असते तेव्हा. आणि मुद्दाम इतकी लांब आणि लाल. आत राहिली तर पॅनेलचं झाकण लागत नाही." त्यांनी एक हातात घेऊन दाखवली. "मी सव्वीस वर्षांचा असताना एवढासा काळा तुकडा वापरायचो. एका इमारतीत आत विसरलो, झाकण लागलं, मी घरी. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर एका बाईने दार ओढलं आणि पाऊल टाकलं. तिची चप्पल गेली खाली. ती नाही गेली, शेजारणीने मागून हाक मारली म्हणून मागे वळली होती. मला बोलावलं तेव्हा ती तिथेच भिंतीला टेकून बसली होती. पायातली दुसरी चप्पल तिने मला फेकून मारली."

"बापरे. लागली?"

"इथे." त्यांनी भुवईवरची खूण दाखवली. "बरं केलं तिने. त्या दिवसापासून काम संपलं की मोठ्याने मोजतो. जोडीदार हसतो मला."

"मी नाही हसत," जोडीदार आतून म्हणाला. "मीपण मोजतो."

सकाळी बोललेल्या त्या वाईट वाक्याबद्दल मी माफी मागितली. मला ती नीट मागता आली नाही, मी मुलांकडून मागवून घेण्यात तरबेज आहे, स्वतः मागण्यात नाही. ते म्हणाले, "माझे वडील असते तर मीही कुणावर तरी ओरडलो असतो, बाई." आणि पाना मागून घेतला.

पाचच्या सुमाराला त्यांचा फोन आला. लॉक बसलं होतं. प्रत्येक मजल्यावर थांबवून, दार ओढून, पुन्हा पुन्हा चालवून झालं होतं. मागच्या विंगच्या उघड्या दाराला अडसर आणि साखळी लागली होती, कुलपासकट. फोन चालूच ठेवून त्यांनी पॅनेल बंद करायला घेतलं, आणि मला पलीकडून ऐकू आलं, "एक. दोन. तीन." मग झाकण लागल्याचा आवाज.

सहाला बाबा लिफ्टने वर आले. वहीवर मी सही केली. त्या दिवसाच्या नोंदीत त्यांनी वेळा, लॉकचे नंबर, माझं पत्र, इंजिनियरचं नाव, सगळं लिहिलं होतं. ग्राहकाने काय मागितलं होतं, तो रकाना रिकामा होता. मी त्यांचं पेन मागून घेतलं आणि तिथे लिहिलं, सुरक्षा बायपास करण्याची मागणी, नाकारली, मागणारी सेक्रेटरी. त्यांनी वाचलं, वही मिटली, आणि पहिल्यांदा मला हसताना दिसले. बाजाराच्या यादीमागचा तो नंबर माझ्याकडे अजून आहे. त्यावर मी दुसऱ्या दिवशी फोन केला, कर्मचारी क्रमांक सांगून तक्रारीऐवजी शाबासकी नोंदवली, आणि दखल खरंच लवकर घेतात. करार तर मी त्याच संध्याकाळी वाढवून टाकला होता.

बुधवारी बाबा नेहमीसारखे पुढे निघाले. मी कुलूप लावत होते, किल्ली अडकत होती, आणि मला पुढून ऐकू येत होतं, अकरा, बारा, तेरा. त्याच वेळी वर सातव्या मजल्यावर कुणीतरी लिफ्ट बोलावलेली, दोर वाजत होते. मी ओरडणार तोवर बाबांनी मूठ धरून दार ओढलं होतं.

दार उघडलं नाही. त्यांनी पुन्हा एकदा ओढून पाहिलं, थोडा जोर लावून. मग मुठीवर हात ठेवून माझ्या दिशेने तोंड वळवलं.

"अजून आली नाही गं," ते म्हणाले. "थांबू जरा."

मी किल्ली तशीच दारात सोडून धावले आणि त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.